मे महिन्यात इंदूर कळसूबाईएवढं उंच होतं

माझा भाचा तीनशे मीटरवर रायफल चालवतो. जानेवारीत थंडीत त्याने रायफल झीरो केली, म्हणजे साइट अशी लावून घेतली की नेम धरलेल्या जागीच गोळी लागावी. मे महिन्यात भर दुपारी त्याच रायफलीने, त्याच गोळ्यांनी, त्याच सेटिंगवर त्याने दहा फैरी झाडल्या आणि अख्खा ग्रुप सात सेंटिमीटर वर गेला. संध्याकाळी तो घरी आला तो निकाल लावूनच. "मामा, गरमीत हवा पातळ होते, म्हणून गोळी वर जाते. सगळे हेच म्हणतात."

मी बत्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे 'सगळे हेच म्हणतात' ऐकलं की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी जो हिशेब केला, तोच इथे मांडतो. आधीच सांगून टाकतो, भाच्याचं म्हणणं खरं होतं, पण त्याच्या सात सेंटिमीटरांना ते लागू नव्हतं.

गोळी नळीतून बाहेर पडली की तिच्यावर दोनच गोष्टींचा जोर चालतो. गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतं आणि हवा तिला मागे ढकलते. गुरुत्वाकर्षण जवळपास सगळीकडे सारखंच. लेहएवढ्या उंचीनेही ते जेमतेम एक हजारांशाने कमी होतं. उंचावर गोळी वर लागते ती 'तिथे गुरुत्वाकर्षण कमी असतं' म्हणून, असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. फरक पडतो तो हवेमुळे.

हवेचा अडथळा समजायला रात्री अकराचा सराफा डोळ्यांपुढे आणा. भुट्ट्याचा कीस खाऊन तुम्हाला राजवाड्याकडे यायचं आहे. दर पावलाला कोणाला तरी खांदा लागतो आणि प्रत्येक धक्क्याला थोडा वेग जातो. पहाटे त्याच गल्लीतून तुम्ही तरातरा चालत याल. गल्ली तीच, अंतर तेच, फक्त एका पावलात किती माणसं लागतात ते बदललं. हवेची घनता म्हणजे हीच गर्दी, एका घनमीटर जागेत किती वजनाची हवा कोंबली आहे ते. समुद्रकाठी पंधरा अंशांवर ती सव्वा किलोच्या जराशी खाली असते, नेमकी 1.225 किलो.

गर्दी दोन गोष्टींनी ठरते. वरून दाब जास्त असेल तर तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते. तापमान वाढलं तर रेणू पळापळ करतात, एकमेकांपासून लांब जातात आणि तेवढ्याच जागेत कमी हवा राहते. अकरावीच्या पुस्तकातलं वायूचं समीकरण नेमकं हेच सांगतं:

```
ρ = p / (R × T)
```

इथे `p` म्हणजे त्या जागेचा दाब पास्कलमध्ये, `T` म्हणजे केल्विनमधलं तापमान, म्हणजे सेल्सिअस अधिक 273.15, आणि कोरड्या हवेसाठी `R` साधारण 287.

आता इंदूर घालून बघू. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. जानेवारीतली एक सकाळ धरू, तापमान 10 अंश आणि दाब 952 हेक्टोपास्कल. घनता येते 1.171 किलो. मे महिन्यातली दुपार धरू, 42 अंश आणि दाब 942. उन्हाळ्यात आपल्याकडे दाब थोडा उतरतोच. घनता येते 1.041. म्हणजे हवा अकरा टक्क्यांनी हलकी झाली. त्यात दाबाचा वाटा जेमतेम एक टक्का, बाकी सगळी करामत तापमानाची.

पण 1.041 ऐकून कोणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही. म्हणून वैमानिकांनी एक युक्ती काढली. त्यांनी एक 'आदर्श' वातावरण ठरवून टाकलं. समुद्रसपाटीला 15 अंश, 1013.25 हेक्टोपास्कल आणि वर जाताना दर हजार मीटरला साडेसहा अंशांची घट. या कागदी वातावरणात प्रत्येक उंचीची एक ठरलेली घनता असते. आज माझ्याभोवती जी घनता आहे, ती या कागदी वातावरणात कोणत्या उंचीवर सापडेल? जी उंची निघेल ती डेन्सिटी अल्टिट्यूड. मराठीत घनता-उंची म्हणू. नकाशात ती कुठेच नसते. गोळीला किंवा विमानाच्या पंखाला मात्र तेवढीच कळते.

ती काढायची घरगुती रीत अशी. आधी फक्त दाब बघायचा आणि तो दाब कागदी वातावरणात किती उंचीवर असतो ते काढायचं. 942 हेक्टोपास्कल तिथे 611 मीटरवर असतो. त्या उंचीवर कागदी तापमान 11 अंश असायला हवं होतं आणि आपल्याकडे 42 आहे, म्हणजे 31 अंश जास्त. दर जास्तीच्या अंशाला साधारण 36 मीटर मिळवायचे. 31 गुणिले 36 म्हणजे 1116, त्यात 611 मिळवले की सव्वासतराशेच्या घरात. पूर्ण समीकरणाने काढलं तर 1660 मीटर येतात. तोंडी हिशेबाला एवढी चूक चालते. जानेवारीच्या सकाळी हाच हिशेब 465 मीटर देतो, म्हणजे इंदूर प्रत्यक्ष आहे त्यापेक्षाही 'खाली' उतरलेलं असतं.

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, उंची 1646 मीटर. थोडक्यात, मे महिन्याच्या दुपारी गोळीच्या दृष्टीने आपण राजवाड्यापाशी उभे नसून कळसूबाईच्या माथ्यावर उभे असतो. हे ऐकून भाच्याने आईला हाक मारून सांगितलं. तिने विचारलं, "मग तिथल्यासारखं गार का नाही लागत?" प्रश्न बरोबर आहे. तुलना कागदी कळसूबाईशी आहे आणि तिथे माथ्यावर चार-साडेचार अंश धरलेले असतात. खऱ्या कळसूबाईवरही मे महिन्यात ऊन असतंच. त्यामुळे तिची स्वतःची घनता-उंची तेव्हा 1646 च्या बरीच वर गेलेली असते.

आता गोळीकडे. भाच्याच्या रायफलीसारखीच एक नेहमीची गोळी घेतली. पॉइंट थ्री-झीरो-एट, 175 ग्रेन वजनाची, म्हणजे अकरा ग्रॅमच्या थोडी वर, नळीतून निघतानाचा वेग सेकंदाला 792 मीटर. अशा लांबट, मागून निमुळत्या गोळ्यांसाठी हवेच्या अडथळ्याचा एक तयार तक्ता असतो. त्याला जी-सेव्हन म्हणतात. गोळी त्या तक्त्यातल्या नमुन्याच्या मानाने हवा किती सहज कापते, हे एका आकड्यात सांगतात आणि तो आकडा म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशियंट. आमच्या गोळीचा 0.243 धरला. शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडून वेग किती उतरतो ते कागदावर मांडत गेलो. दोघांचे मिळून दोन चहा झाले.

तीनशे मीटरवर जानेवारीत गोळी नळीच्या सरळ रेषेखाली 83 सेंटिमीटर उतरते. मे महिन्यातल्या दुपारी 82 च्या थोडं खाली. फरक 1.3 सेंटिमीटर.

भाच्याचा चेहरा पडला. तीनशे मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळच दहा सेंटिमीटर व्यासाचं असतं. सव्वा सेंटिमीटरने त्यात काही इकडचं तिकडे होत नाही. हवा इतकी हलकी होऊनही एवढाच फरक का? कारण तीनशे मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. हवेने चोरलेला वेग आधी वेळेत उतरतो आणि मग वाढलेला वेळ खाली पडण्यात उतरतो. सुरुवातीला ही चोरी दिसतच नाही. पुढे मात्र ती सावकारी व्याजासारखी चढत जाते.

म्हणून तोच हिशेब आठशे मीटरपर्यंत नेला. तिथे जानेवारीत गोळी 8.13 मीटर उतरते, मे महिन्यात 7.71. आता फरक चाळीस सेंटिमीटरांवर गेला. अंतर अडीच-पावणेतीन पट झालं आणि फरक तीस पट. लांब पल्ल्याच्या रायफलीवरच्या दुर्बिणीला नेम वर-खाली करायची चकती असते, तिचा एक क्लिक बहुधा शंभर मीटरवर एक सेंटिमीटरचा असतो, म्हणजे आठशेवर आठ सेंटिमीटरांचा. चाळीस सेंटिमीटर म्हणजे पाच क्लिक. जानेवारीतल्या सेटिंगची वही उघडून मे महिन्यात आठशे मीटरवर नेम धरला, तर वीतभर नाही, जवळजवळ हातभर वर लागेल.

इथवर आलो आणि आमचे शेजारी सुभेदारसाहेब डोकावले. मूळचे साताऱ्याकडचे, पलटणीतून निवृत्त झाल्यावर महूला राहिले, आता मुलाकडे इंदूरला असतात. महू म्हणजे आपल्याकडे नेमबाजीचं माहेर. इन्फंट्री स्कूल तिथे, आर्मी मार्क्समनशिप युनिट तिथे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार याच युनिटचे. सुभेदारसाहेबांनी आमचा कागद बघितला आणि म्हणाले, "सर, हे पाच क्लिक ठीक आहेत. पण इथली वही घेऊन माणूस लेहला गेला ना, की पहिली गोळी कुठे गेली तेच कळत नाही. धूळसुद्धा दिसत नाही, कारण तो बघतो टार्गेटच्या खाली आणि गोळी गेलेली असते डोक्यावरून."

मग लेहचाही हिशेब झाला. साडेतीन हजार मीटर उंची, उन्हाळ्यातली दुपार, 25 अंश आणि दाब 662 हेक्टोपास्कल धरला. घनता येते 0.77 किलो. आपल्या जानेवारीच्या सकाळच्या मानाने हवा एक तृतीयांशाने कमी. आणि घनता-उंची? 4540 मीटर. गाव साडेतीन हजारांवर, पण गोळी उडते साडेचार हजारांवरच्या हवेत. त्याच लेहला हिवाळ्यात उणे दहा अंश आणि 655 हेक्टोपास्कल धरले तर घनता-उंची 3460 च्या आसपास येते. म्हणजे गावाबाहेर पाऊल न टाकता एका वर्षात हजार मीटरचा चढ-उतार.

यातून एक खूणगाठ बांधता येते. जागा तीच राहून ऋतू बदलला, तर मुख्य खेळ तापमानाचा. जागा बदलून डोंगरावर गेलात, तर मुख्य खेळ दाबाचा. इंदूरहून लेहला जाताना दाब तीस टक्के पडला आणि तापमानाने त्यात पाचच टक्के भर घातली.

आठशे मीटरवर लेहमध्ये गोळी 6.76 मीटरच उतरते. इंदूरच्या जानेवारीच्या वहीप्रमाणे साइट लावली असेल, तर ती 1 मीटर 37 सेंटिमीटर वर जाईल. क्लिकमध्ये सांगायचं तर सतरा. माणसाच्या छातीएवढं टार्गेट असेल तर त्याला वाराही लागणार नाही. सुभेदारसाहेबांच्या त्या न दिसणाऱ्या धुळीचं कारण हे.

पातळ हवेचा फायदाही आहे. आठशे मीटरवर पोचताना इंदूरच्या थंडीत गोळीचा वेग सेकंदाला 392 मीटर उरतो, लेहमध्ये 510. तीन मीटर वेगाचा आडवा वारा असेल, तर इंदूरच्या थंडीत तो गोळीला सव्वा मीटर ढकलतो, लेहमध्ये पाऊण मीटर. डोंगरात वारा मात्र इतका लहरी असतो, दरीतून एक आणि धारेवरून दुसरा, की हा फायदा हातात किती पडेल ते सांगता येत नाही. सुभेदारसाहेब एवढंच म्हणाले, "वाऱ्याचं पुस्तक तिथे बंद ठेवायचं आणि गवत बघायचं."

ध्वनीचा वेग मध्ये येतो तिथे मात्र जरा थांबायला हवं, कारण घनता-उंचीची मर्यादा तिथेच कळते. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असते आणि तिच्या नाकावर धक्कालहर तयार होते. या पट्ट्यात अडथळा नुसत्या घनतेवर ठरत नाही. गोळीचा वेग ध्वनीच्या किती पट आहे, यावरही ठरतो. ध्वनीचा वेग तापमानाने बदलतो. दहा अंशांना सेकंदाला 337 मीटर, बेचाळीस अंशांना 356. म्हणजे उन्हाळ्यात तीच गोळी ध्वनीच्या मानाने 'हळू' असते आणि या पट्ट्यात हळू म्हणजे अडथळ्याचा गुणांक थोडा जास्त. हवा हलकी झाल्याने मिळालेला फायदा गरमी अशी थोडी परत घेते. म्हणून दोन ठिकाणची घनता-उंची सारखी निघाली, एक गरम सखल गाव आणि एक थंड डोंगर, तरी गोळीचा मार्ग तंतोतंत सारखा नसतो. मधल्या अंतरांवर हे सोडून दिलं तरी चालतं. गोळीचा वेग उतरत ध्वनीच्या वेगाच्या जवळ आला की चालत नाही. तिथे ती डगमगायला लागते आणि हिशेब आणि टार्गेट यांची फारकत होते. आमची गोळी इंदूरच्या थंडीत साधारण 940 मीटरवर ध्वनीच्या वेगाखाली जाते. लेहच्या उन्हाळ्यात तेच साडेतेराशे मीटरच्या पुढे जातं. डोंगरात लांबचा पल्ला 'सोपा' वाटतो त्याचं एक कारण हे.

दमटपणाचं काय, असं भाच्याने विचारलं. पावसाळ्यात हवा जड वाटते, मग गोळी खाली लागत असेल? उलट आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघांपेक्षाही हलका. तो हवेत शिरतो तेव्हा एखाद्या जड रेणूची जागा घेतो. दमट हवा हलकीच असते. जड वाटतं ते आपल्याला, घाम सुकत नाही म्हणून. इंदूरच्या जुलैत, पंचवीस अंश आणि नव्वद टक्के दमटपणात, घनता सुमारे एक टक्क्याने कमी होते. तापमान दोन-तीन अंश चुकीचं वाचलं तरी तेवढीच चूक होते. म्हणून दमटपणाचं यंत्र घेण्याआधी थर्मामीटर सावलीत धरायला शिका.

आता जिथे सगळ्यात जास्त माणसं फसतात ती गोष्ट. मीही फसलो होतो. मोबाइलवर हवामान उघडलं की इंदूरचा दाब 1006 किंवा 1012 असा दिसतो. आणि मी वर 942 म्हटलं. मग खरं कुठलं? दोन्ही. बातम्यांतला आणि हवामानाच्या पानांवरचा दाब बहुधा समुद्रसपाटीवर 'उतरवलेला' असतो. इंदूर, मुंबई आणि शिमला एकाच नकाशावर तोलता यावेत म्हणून प्रत्येक गावाखाली समुद्रापर्यंत जेवढी हवा असती तिचं वजन त्यात मिळवलेलं असतं. हवामानशास्त्रज्ञाला ते लागतं. गोळीला नाही. ती उडते ती इथल्या हवेतून, आणि इथला दाब म्हणजे स्टेशन प्रेशर.

गोळीचा मार्ग काढून देणाऱ्या बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये दाबाच्या रकान्यात कोणी 1006 भरलं आणि ते इथलंच आहे असं सांगितलं, तर यंत्र बिचारं मान डोलावतं. त्याला वाटतं हवा सात टक्क्यांनी दाट आहे. म्हणून ते साइट जास्त चढवायला सांगतं आणि इंदूरला आठशे मीटरवर गोळी वीस-पंचवीस सेंटिमीटर वर लागते. लेहमध्ये हीच चूक जवळपास दीड मीटरची होते, कारण तिथे खरा दाब 660 आणि पानावरचा हजाराच्या वर. म्हणजे इतका खटाटोप करून माणूस परत तिथेच, टार्गेटच्या डोक्यावर.

ओळखायचं सोपं आहे. तुम्ही साडेपाचशे मीटरवर उभे आहात आणि यंत्र 1000 च्या वरचा आकडा दाखवतंय, तर तो इथला दाब नाही. जमिनीजवळ दर साडेआठ-नऊ मीटर चढाला साधारण एक हेक्टोपास्कल कमी होतो. त्यामुळे इंदूरला साठ-पासष्टचा फरक पडायलाच हवा. खिशात मावणाऱ्या हवामान यंत्रात दाब इथला दाखवायचा की उतरवलेला, याची सेटिंग असते, आणि त्यात कोणीतरी आधी उंची भरून ठेवली असेल तर ते निमूटपणे उतरवलेला दाब देत राहतं. उंचीच्या रकान्यात शून्य टाकलं की बहुतेक यंत्रं सरळ बोलायला लागतात.

याचीच जुळी बहीण म्हणजे दुहेरी हिशेब. काही जण घनता-उंची काढतात, ती 'उंची'च्या रकान्यात भरतात आणि खाली तापमानाच्या रकान्यात 42 सुद्धा लिहितात. गरमी घनता-उंचीत आधीच धरलेली असते. ती दुसऱ्यांदा मोजली जाते आणि गोळी या वेळी खाली लागते, कारण यंत्र हवा आहे त्याहून पातळ समजतं. एक तर खरा दाब आणि खरं तापमान द्या किंवा नुसती घनता-उंची द्या. दोन्ही मिसळू नका. चुकीच्या दिशेवरून चूकही ओळखता येते. सतत वर लागत असेल तर दाब बघा, सतत खाली लागत असेल तर काही दोनदा मोजलंय का ते बघा.

तापमानाचं यंत्रही खोटं बोलतं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर अर्धा तास पडलेलं यंत्र गाडीचंच तापमान सांगतं, हवेचं नाही. ते दोरीला बांधून सावलीत मिनिटभर गरगर फिरवायचं, जुन्या हवामान केंद्रांत फिरवायचा थर्मामीटर असायचा तसं. आकडा स्थिरावला की वाचायचा. लोक हसतात, हसू द्या.

आणि आता भाच्याचे सात सेंटिमीटर. हवेने दिले 1.3. उरलेले कुठून आले?

मी विचारलं, "गोळ्यांचा डबा कुठे होता?" तो म्हणाला, "मॅटवर, बाजूलाच." उन्हात? उन्हात. हात लावून बघितलास? "चटका बसत होता."

काडतुसातली दारूही तापमान ओळखते. गरम असेल तर जोरात जळते आणि गोळी जास्त वेगाने सुटते. किती जास्त, ते दारूच्या प्रकारावर अवलंबून असतं. काही दारू मुद्दाम अशी बनवतात की गरमीचा परिणाम अगदी कमी व्हावा. काहींमध्ये दर अंशामागे वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त वाढतो. आम्ही दर अंशाला 0.6 मीटर धरलं. जानेवारीत दारू बारा अंशांवर आणि मे महिन्यात उन्हात पन्नासवर, म्हणजे अडतीस अंशांचा फरक, म्हणजे 23 मीटर वेग जास्त. तेवढ्याने तीनशे मीटरवर गोळी सुमारे साडेचार सेंटिमीटर वर जाते. त्यात हवेचे 1.3 मिळवले की सहाच्या आसपास. आकडा अंदाजाचा आहे, कारण त्याच्या दारूचा नेमका स्वभाव आम्ही मोजलेला नव्हता. त्यासाठी क्रोनोग्राफ लागतो, गोळीचा वेग मोजणारं यंत्र. आधी गार काडतुसं आणि मग उन्हात तापवलेली, दोन्ही त्यावरून झाडून बघायची. पण चोर कोण ते कळलं होतं.

घोळ असा की हे दोन्ही एकाच दिशेने ओढतात. गरमीत हवा पातळ होऊन गोळी वर जाते आणि दारू तापूनही गोळी वरच जाते. म्हणून सगळं खापर हवेवर फोडणं सोपं पडतं. डोंगरात हे दोघे उलट दिशांना ओढतात. उंचीची पातळ हवा गोळी वर नेते, तर रात्रभर बर्फात पडलेली काडतुसं तिला खाली खेचतात. म्हणून सुभेदारसाहेबांच्या वहीत हवेचा दाब आणि काडतुसांचं तापमान असे दोन वेगळे रकाने होते. तिसरा रकाना तारखेचा होता. तो फारसा उपयोगाचा नाही, असं त्यांचंच मत. मे महिना सगळीकडे सारखा नसतो.

पुढच्या रविवारी भाचा परत गेला. वेळ तीच, दुपारची. काडतुसांचा डबा ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून छत्रीखाली ठेवला. एक काडतूस चेंबरमध्ये भरलं की ते तिथे तापत ठेवायचं नाही, श्वास सापडला की लगेच सोडायचं, हेही सांगितलं होतं, कारण तापलेल्या नळीत मिनिटभर बसलेलं काडतूस डब्यातल्या काडतुसासारखं राहत नाही. संध्याकाळी फोन आला.

"मामा, तीन सेंटिमीटर वर."

"सव्वा हवेचे," मी म्हटलं. "थोडे दारूचे. कितीही टॉवेल गुंडाळला तरी मे महिना आहे."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे तुझे."